बिर्याणीच्या ताटाचा हिशेब
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते आम्ही पाहिले. हैदराबादेत राहून बिर्याणी खावी, तिच्यावर भाषण कशाला करावे, असा त्या हसण्याचा अर्थ असावा. परंतु या विषयाची निवड आम्ही हौसेने केलेली नाही. ती आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्या गळ्यात घातली. त्यांना आपण सारे नाना म्हणतो. येथेही तेवढेच म्हणू.

नानांना त्यांच्या डॉक्टरांनी वजन उतरविण्यास सांगितले होते. रक्तातील साखर वाढू लागली होती आणि गुडघे कुरकुरत होते. नाना शिस्तीचे. त्यांनी वही घातली. काही आठवडे नेहमीप्रमाणे खाऊन सारे टिपून ठेवले, तेव्हा दिवसाला सुमारे १८०० उष्मांकांवर त्यांचे वजन स्थिर राहते असे दिसले. डॉक्टरांनी १६०० ची मर्यादा घालून दिली. रोज २०० ची तूट, म्हणजे आठवड्याला १४०० ची. एक किलो चरबीमागे साधारण ७७०० उष्मांक धरतात. त्या मानाने चार महिन्यांत तीन किलो वजन उतरावयास हवे होते. चार महिने झाले, काटा जागचा हलला नाही. नाना वही घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, तुमचा जन्म सरकारी हिशेब तपासण्यात गेला. यात कुठे गळती आहे ती काढून द्या. नाहीतर माझे शरीरच खोटे बोलते आहे असे मी समजेन."

आम्ही बी. ए. झालेले, आहारशास्त्राशी आमचा संबंध केवळ खाण्यापुरता. परंतु वही तपासणे आमच्या हातचे होते. पोळ्या, भाजी, वरण, ताक यांच्या नोंदी चोख होत्या, कारण त्या घरच्या वजनांवर आधारलेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मात्र एक नोंद येई : "चिकन बिर्याणी, १ प्लेट, ५८०." हा आकडा कोठून आला, असे विचारता नानांनी एक छापील तक्ता दाखविला. त्यात 'चिकन बिर्याणी, एक वाढप, २०० ग्रॅम, २९० उष्मांक' असे होते. हॉटेलातील प्लेट मोठी असते, म्हणून नानांनी उदार मनाने दोन वाढपे धरली होती. गळती येथेच असावी असा आम्हांस संशय आला. तो सिद्ध करण्यासाठी जे करावे लागले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक खुलासा. बोलण्यात आपण ज्याला कॅलरी किंवा उष्मांक म्हणतो, ती वस्तुतः किलोकॅलरी असते. पिष्ट आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थाच्या ग्रॅममागे ९ उष्मांक धरण्याची पद्धत आहे. पाण्याला शून्य. बिर्याणीचा सारा घोळ या तीन आकड्यांत आहे. शिजलेल्या भाताचे दोन तृतीयांश पाणीच असते, म्हणून त्याच्या ग्रॅममागे केवळ १.३ उष्मांक पडतात. तेलात पाणी मुळीच नाही. त्याच्या ग्रॅममागे पूर्ण ९. भाताचा एक घास चुकला तर फारसे बिघडत नाही. तेलाचा एक मोठा चमचा चुकला तर भाताची जवळजवळ एक वाटी चुकली असे समजावे.

आमच्याच गावी, तार्नाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९७१ साली डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कोष्टक आले होते. २०१७ च्या कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असते, तिला ४.१८ ने भागले की आपले उष्मांक मिळतात. परंतु त्यात प्रामुख्याने कच्चे जिन्नस आहेत : तांदूळ, कांदा, कोंबडी, दही. शिजलेल्या बिर्याणीचा आकडा त्यात शोधून उपयोग नाही. तो आपणच बांधला पाहिजे.

म्हणून पहिले काम घरी केले. आमच्या सौभाग्यवतींनी एका रविवारी नेहमीची दम बिर्याणी केली आणि आम्ही वजनकाटा घेऊन चुलीपाशी बसलो. या बैठकीबद्दल आम्हांस बरेच ऐकून घ्यावे लागले, ते भाषणात सांगत नाही.

तांदूळ ७५० ग्रॅम. कोंबडी साल काढलेली, हाडांसकट एक किलो. सोललेला कांदा ५०० ग्रॅम, दही २५० ग्रॅम, केशरासाठी दूध १०० मिलिलिटर, तूप ४० ग्रॅम. तेलाचा हिशेब मात्र असा सरळ मांडता येत नाही, कारण कढईत घातलेले तेल म्हणजे बिर्याणीत गेलेले तेल नव्हे. कांदा तळण्यासाठी आम्ही ४०० ग्रॅम तेल मोजून घेतले. तळण संपल्यावर उरलेले तेल गाळून निववून पुन्हा तोलले, ते ३४० ग्रॅम भरले. म्हणजे ६० ग्रॅम कांद्याने पिऊन टाकले. त्या उरलेल्या तेलातून ९० ग्रॅम मांस मुरविताना घातले. तुपासह एकूण स्निग्धांश १९० ग्रॅम झाला.

आता बेरीज पाहा. तांदळाचे २६२५, तेलतुपाचे १७१०. कोंबडीची हाडे जेवणानंतर गोळा करून तोलली, ती सुमारे ३०० ग्रॅम निघाली. उरलेल्या ७०० ग्रॅम मांसाचे ८७५. कच्च्या कांद्याचे २५०, दह्याचे १५०, दूध आणि बाकीचा मसाला मिळून १४०. एकूण ५७५०. भात वेळताना थोडे पिष्ट पाण्याबरोबर जाते, परंतु ते इतके थोडे की आम्ही सोडून दिले. दम उतरल्यावर हंडीतील ऐवज ३४०० ग्रॅम भरला. हाडे वजा जाता ३१००. भागाकार केला की १०० ग्रॅम खाण्याजोग्या बिर्याणीमागे सुमारे १८५ उष्मांक येतात. छापील तक्त्यात हाच दर १४५ होता. तक्ता खोटा होता असे नव्हे. त्याची बिर्याणी कमी तेलाची होती, एवढेच.

घरच्या हंडीसाठी याहून सोपी आणि पक्की रीत नाही. सारे जिन्नस कच्चे तोलावेत, तेल तळणापूर्वी आणि नंतर तोलावे, शेवटी हंडी तोलून आपल्या ताटाच्या वजनाने हिस्सा काढावा. रिकाम्या हंडीचे वजन आधी टिपून ठेवण्यास विसरू नये. आम्ही ते पहिल्या खेपेस विसरलो होतो.

या रीतीत एकच खोट आहे आणि ती दम बिर्याणीची स्वतःची आहे. येथील पद्धतीत मुरविलेले मांस तळाशी, त्यावर अर्धा शिजलेला भात, वर तळलेला कांदा, केशर आणि तूप, मग कणकेने झाकण लिंपून दम देतात. ही थरांची रचना आहे, खिचडीसारखे एकजीव मिश्रण नव्हे. दमाच्या वाफेत तेल खाली उतरते आणि मसाल्याशी जमते. मधल्या पांढऱ्या भाताच्या आणि तळच्या पिवळसर भाताच्या प्रत्येकी १०० ग्रॅममधील तेल आम्ही काढून पाहिले. कसे काढले ते पुढे सांगतो. मधल्यात ३ ग्रॅम निघाले, तळच्यात ७. ताटात ३०० ग्रॅम भात असेल तर हा फरक १२ ग्रॅम तेलाचा, म्हणजे सुमारे ९० उष्मांकांचा होतो. एकाच हंडीतील, एकाच वजनाची दोन ताटे, आणि तरीही त्यांचा हिशेब सारखा नाही. वाढणाऱ्याने झारा तळापर्यंत घालून उभा थर उचलला तर हा फरक बराच मिटतो.

आता नानांच्या प्लेटकडे वळू. हॉटेलात कच्चे जिन्नस आपल्यासमोर तोलले जात नाहीत. तेथे ताट उलट दिशेने उलगडावे लागते. आम्ही नानांच्या नेहमीच्या ठिकाणाहून एक प्लेट घरी आणविली आणि तिचे भाग वेगळे केले. एकूण वजन ७२० ग्रॅम. त्यात भात ४८०, कोंबडीचे दोन तुकडे १९०, चिकटलेला मसाला ३५ आणि वेचून काढलेला तळलेला कांदा १५ ग्रॅम.

मांसाचे काम सर्वांत सोपे. तुकडे खाऊन झाल्यावर हाडे तोलली, ती ६५ ग्रॅम. म्हणजे मांस १२५. शिजताना मांसातील पाणी उडते, म्हणून शिजलेल्या मांसास कच्च्याचा दर लावून चालत नाही, ग्रॅममागे १.८ धरले. २२५ झाले. हाडे न तोलता १९० ग्रॅम मांस धरले असते तर सुमारे ११७ उष्मांक फुकट चढले असते.

कांद्याची गंमत वेगळी आहे. कच्चा कांदा गरीब, १०० ग्रॅममागे ५० उष्मांक. तळताना त्याचे पाणी जाते आणि त्या जागी तेल येते. आमच्या घरच्या तळणात ५०० ग्रॅमचा १६० ग्रॅम झाला आणि त्यात ६० ग्रॅम तेल होते. म्हणजे तळलेल्या कांद्याच्या ग्रॅममागे सुमारे ५ उष्मांक, कच्च्याच्या दसपट. दिसावयास मूठभर, परंतु वजनाला हलका, म्हणून प्लेटमध्ये त्याचे ७५ च झाले. कोणी वर हात सैल सोडून २५ ग्रॅम घातला असता तर १२५ झाले असते. कांदा बदनाम आहे, पण मुख्य आरोपी तो नव्हे. मसाल्याचे, तेल सोडून, ३० धरले.

राहिले भात आणि तेल. आणि येथेच हिशेब घसरतो. भात नजरेने मोजणाऱ्याची चूक सहज पावपट होते. ४८० ग्रॅमवर ती १२० ग्रॅमची, म्हणजे सुमारे १५५ उष्मांकांची. परंतु काटा असेल तर ती चूक नाहीशी होते. काटा जवळ नसेल तर आपल्या घरच्या वाटीत बिर्याणीचा भात न दाबता भरून एकदा तोलून ठेवावा आणि पुढे त्या वाटीने मोजावे. तेलाच्या बाबतीत काटा काहीच सांगत नाही, कारण ते भाताच्या वजनातच लपलेले असते. म्हणून एक चूक टाळली पाहिजे : भाताचे पूर्ण ४८० ग्रॅम धरून त्यावर पुन्हा तेल वेगळे मिळवू नये. जितके तेल धराल, तितके भातातून आधी वजा करा.

तेल किती? घरच्या हंडीत, कांद्यातील तेल सोडून, खाण्याजोग्या वजनाच्या सुमारे ४ टक्के होते. त्या दराने या प्लेटमध्ये २७ ग्रॅम येते. हॉटेलचा हात याहून आखडता असेल तर २० आणि अगदी सैल असेल तर ५५, अशी आम्ही आरंभी मर्यादा घातली. या दोन टोकांमधील अंतर २७० उष्मांकांचे होते. बाकी साऱ्या घटकांच्या चुका एकत्र केल्या तरी, काटा हाती असता, इतक्या भरत नाहीत. म्हणून उरलेली मेहनत तेलावरच खर्च करावयाची असे ठरविले.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. प्लेटमधील तीन ठिकाणांहून भात घेऊन मिसळावा आणि त्यातील १०० ग्रॅम गाळणीत घालून खाली काचेचे उभट भांडे ठेवावे. वरून कडकडीत पाणी दोनतीन वेळा ओतून भात हलवावा. खालचे पाणी तासभर स्थिर ठेवले की तेल वर येते. ते सुई नसलेल्या औषधाच्या पिचकारीने ओढून घ्यावे आणि तिच्यावरील खुणांनी मोजावे. तूप किंवा वनस्पती असेल तर भांडे शीतकपाटात ठेवल्यास वर साय धरते. ती उचलून तोलता येते. आमच्या पिचकारीत साडेसहा मिलिलिटर तेल आले. तेल पाण्याहून हलके असते, म्हणून त्याचे वजन ६ ग्रॅम.

या परीक्षेची मर्यादा नीट समजून घ्यावी. भाताला चिकटलेले सारे तेल पाण्याने सुटत नाही. म्हणून मिळालेला आकडा हा किमान आकडा आहे. खरे तेल त्याहून थोडे अधिकच असणार. कित्येकजण टिपकागदावर भात दाबून कागदाच्या वाढलेल्या वजनावरून तेल ठरवितात. ती रीत फसवी आहे, कारण कागद तेलाबरोबर पाणीही पितो. कागद पूर्ण वाळवून तोलला तरच तिला काही अर्थ.

१०० ग्रॅमला ६, तर ४८० ग्रॅम भातात सुमारे २९ ग्रॅम. शिवाय मसाल्यातील तेल वेगळे. म्हणजे आमची २० ची खालची मर्यादा बाद झाली. आता तेल ३० ते ५५ च्या दरम्यान. ३० धरले तर भात ४५० ग्रॅमचा ५८५, तेलाचे २७० आणि बाकीचे ३३०, एकूण ११८५. ५५ धरले तर भात ४२५ ग्रॅमचा ५५३, तेलाचे ४९५ आणि बाकीचे ३३०, एकूण १३७८. मध्य काढला तर १२८०.

हे उत्तर एका आकड्याचे नाही, हे आपल्या ध्यानी आलेच असेल. "सुमारे १२८०, शंभर इकडे किंवा तिकडे" असे ते आहे. एखादा तक्ता प्लेटचे वजन न सांगता '११४७ उष्मांक' असे शेवटच्या अंकापर्यंत सांगत असेल, तर तो अचूक आहे असे न समजता, त्याने आपल्या चुकीची कक्षा लपविली आहे असे समजावे. प्लेटबरोबर येणारे मिरचीचे सालन या हिशेबात धरलेले नाही. त्यात शेंगदाणे, तीळ आणि तेल असते. त्याची एक लहान वाटी दीडशेच्या आसपास जाऊ शकते, आणि वहीत तिची नोंद बहुधा कोणीच करीत नाही. उलट ताटाला चिकटून राहिलेले तेल आणि न खाल्लेला खडा मसाला वजा पडतो. तो तीसचाळीस उष्मांकांहून अधिक नसतो.

नानांच्या वहीत ५८० होते, खरे १२८०. फरक ७०० चा. आठवड्यातून दोन प्लेटा, म्हणजे १४००. आणि नानांनी रोज २०० प्रमाणे आठवड्याची जी तूट मोठ्या निग्रहाने साधली होती, ती नेमकी तेवढीच होती. पाच दिवसांची आणि दोन दिवसांची बेरीज शून्य झाली होती. शरीर खोटे बोलत नव्हते. वहीतील एक नोंद खोटी होती.

ती का चुकली हेही पाहण्याजोगे आहे. नानांनी ४०० ग्रॅम धरले, खाल्ले ६५५. केवळ या कारणाने, तक्त्याचाच दर लावला तरी, ५८० चे ९५० व्हावयास हवे होते. उरलेला ३३० चा फरक तेलाच्या दाटीचा. म्हणजे अर्ध्याहून थोडी अधिक चूक वजनाची आणि बाकीची तेलाची. पहिली दूर करण्यास एक काटा पुरतो. दुसरी दूर करण्यास एक दुपार आणि एक पिचकारी लागते; आणि ती त्या एका हॉटेलापुरतीच खरी ठरते. आचारी बदलला की परीक्षा पुन्हा करावी.

हा सारा जमाखर्च नानांपुढे ठेवला, तेव्हा ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बिर्याणी सोडू?" आम्ही म्हणालो, "सोडू नका, नाना. अर्धी घ्या, आणि खरी लिहा."

तेव्हापासून ते प्लेट आल्याबरोबर उभी निम्मी वेगळी काढून चिरंजीवांस देतात आणि वहीत ६४० लिहितात. गेल्या तीन महिन्यांत त्यांचे वजन दोन किलो उतरले. पूर्वी वहीत ५८० असे, आता ६४०. आकडा जवळजवळ तोच राहिला. फक्त आता तो ताटाशी जुळतो.

आजच्या अल्पोपाहारात बिर्याणी नाही, ही व्यवस्थापकांची दूरदृष्टी होय.